प्रस्तावाची सुरुवात: एका आईच्या गोष्टीने की किचनच्या कामाने?

परळला उपचारासाठी आलेल्या बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना आमचं कम्युनिटी किचन जेवण देतं. फाउंडेशनच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद मी दोन्ही प्रकारे लिहून पाठवला आहे.

पहिला प्रकार गोष्टीचा. मुलाच्या केमोथेरपीसाठी जळगावहून आलेली आई, फुटपाथवरचा मुक्काम, दुपारी वडापाव आणि रात्री फक्त चहा. वाचणारा थांबतो, हे मान्यच करायला हवं.

दुसऱ्यात गोष्ट नाही. आकडे इथे सोपे करून देतो: ‘परळच्या फुटपाथवर आणि धर्मशाळांत राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही रोज 150 ताटं देतो. त्यांच्याकडे रेशन कार्ड असतं, पण शिजवायला जागा नसते. 300 दिवस, ताटामागे 40 रुपये, म्हणजे वर्षाचा खर्च 18 लाख. 6 लाखांचं धान्य आणि भाजी वस्तूरूपात मिळते; उरलेल्या 12 लाखांसाठी हा अर्ज आहे.’

यातलं रेशनचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘रेशन आता देशात कुठेही मिळतं, मग किचन कशाला?’ असं परीक्षकाच्या मनात येतंच. त्याचं उत्तर तिथेच मिळतं.

माझा कौल फिरला तो एका फोनमुळे. गोष्टीने सुरू केलेला प्रस्ताव फाउंडेशनमध्ये आरोग्य विभागाकडे गेला आणि पहिला प्रश्न आला, ‘तुमच्या मदतीने किती रुग्ण बरे झाले?’ कंपन्यांचा सामाजिक कामांचा निधी कशावर खर्च करता येतो याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे; तिथे भूक आणि आरोग्य एकाच कलमात आहेत, त्यामुळे कायद्याची आडकाठी नव्हती. पण विभाग बदलला की मोजमाप बदलतं. मुलगा बरा होणं डॉक्टरांच्या हातात. आम्ही सांगू शकतो ते ताटांची संख्या, शिल्लक राहिलेलं अन्न आणि रोज लागणारी रांग. पहिल्या परिच्छेदात जे ठळक दिसतं, तेच वर्षअखेरच्या अहवालात मागितलं जातं. समजावण्यात फार वेळ गेला. शिवाय ती आई तोवर गावी परतली होती, आणि ‘आता मुलगा कसा आहे?’ हे विचारायला तिला फोन करणं मला जमलं नाही. त्या घरात काय झालं असेल कोण जाणे.

प्रत्येक फाउंडेशन असंच वागेल असं म्हणणार नाही. छोट्या, घरगुती ट्रस्टचे विश्वस्त स्वतः वाचतात; तिथे गोष्ट कदाचित जास्त पोहोचेल. वैयक्तिक देणगीदारांच्या पत्रात मीही तीच वापरतो, नाव-गाव बदलून आणि आधी विचारून. पण परीक्षकापुढे पन्नासेक अर्जांची चळत असणार असेल, तर मी कामानेच सुरुवात करतो आणि आईला दुसऱ्या परिच्छेदात तीन ओळी देतो: ती कुठे झोपते, तिला किती वाजता जेवण मिळतं आणि आमच्याकडे सुट्टी असते त्या दिवशी ती काय खाते.