लॅपटॉपच्या आतल्याच साउंडकार्डवर ASIO4ALL : काही महिने वापरल्यानंतर

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो, विश्रामबागला, सांगलीत. ऑडिओ इंटरफेस नाही, विंडोजचा साधा लॅपटॉप, त्याच्या हेडफोन-माइकच्या एकाच जॅकला लावलेले कॉलर माइक आणि इअरफोन, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम रीपर, आणि मध्ये ASIO4ALL. आधी पेटी घ्यायची, मग ती कानात ऐकत पखवाज, त्यावर टाळ, असं एकावर एक चढवत जायचं. आता बऱ्याच महिन्यांचा वापर झालाय म्हणून लिहितोय, कारण याबद्दल जे ऐकायला मिळतं ते सगळं "बफर कमी कर, लॅग जातो" एवढंच असतं आणि माझ्या मते खरी गंमत तिथं नाहीच.

ASIO4ALL हा फुकटातला ड्रायव्हर करतो काय, तर विंडोजचा स्वतःचा मिक्सर असतो तो बाजूला सारून कर्नल स्ट्रीमिंगने थेट साउंडकार्डच्या ड्रायव्हरशी बोलतो आणि रीपरला सांगतो की मी ASIO ड्रायव्हर आहे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला कमी उशिरात आवाज देणारा-घेणारा. मिक्सरमध्ये जाणारा वेळ वाचतो, बास, हार्डवेअर तेच राहतं. इन्स्टॉल करून रीपरमध्ये Preferences मधल्या Device च्या पानावर ASIO निवडा, मग ASIO4ALL निवडून त्याचं पॅनल उघडा. तिथं पान्याचं चिन्ह आहे ते दाबलं की साउंडकार्डच्या आतली सगळी इनपुट-आउटपुट वेगवेगळी दिसतात. मी फक्त माइक इन आणि हेडफोन एवढंच चालू ठेवतो, बाकी सगळं बंद, नाहीतर नको ते तोंड उघडायला जातं आणि सगळंच अडतं. एखाद्यावर लाल फुली दिसली तर ते दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय, बहुतेक वेळा ब्राउझरने, मागं कुठंतरी व्हिडिओ चालू राहिलेला असतो. ब्राउझर पूर्ण बंद करा, रीपर परत उघडा, जातंय.

आता बफर, म्हणजे ड्रायव्हर एका दमात किती सॅम्पल हाताळतो ते. माझं कार्ड सेकंदाला ४८००० सॅम्पलवर चालतं, बफर २५६ ठेवला की २५६ भागिले ४८००० म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, जाताना तेवढे, येताना तेवढे. रीपरमध्ये वर कोपऱ्यात हा आकडा दिसतो आणि माणूस खूश होतो, पण तो आकडा म्हणजे ड्रायव्हरला जेवढं माहिती आहे तेवढंच. साउंडकार्डच्या चिपमध्ये, तिच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये आणखी वेळ जातो तो ASIO4ALL ला कळतच नाही, त्यामुळं तो रीपरला सांगत नाही, आणि रीपर रेकॉर्ड झालेला ट्रॅक मागं सरकवताना तेवढा कमी सरकवतो. म्हणजे वाजवणाऱ्याने अगदी समेवर थाप दिली तरी ट्रॅकवर ती उशिरा पडते.

हे मोजायचं कसं ते सांगतो, केबलबिबल काही लागत नाही. एका ट्रॅकवर मेट्रोनोमच्या टकटकीची ऑडिओ फाइल ठेवायची, दुसरा ट्रॅक रेकॉर्डला लावायचा, त्याचं मॉनिटरिंग, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमधून परत कानात येणं, बंद. इअरफोनचं एक बोंडूक कॉलर माइकला चिकटवून हातात धरायचं आणि ती टकटकच रेकॉर्ड करायची. मग भरपूर झूम करून मूळ टक आणि रेकॉर्ड झालेली टक यांच्या सुरुवातीतलं अंतर बघायचं. माझ्याकडं ते ५८० सॅम्पल आलं, म्हणजे जवळजवळ १२ मिलिसेकंद, आणि हे ड्रायव्हरने सांगितलेलं वजा झाल्यानंतरचं, म्हणजे निव्वळ लपलेलं. एकट्या ट्रॅकला १२ चालून जातात हो, पण पखवाज पेटीच्या मागं १२, आणि टाळवाला पखवाज ऐकून वाजवणार म्हणून तो पेटीच्या मागं २४. द्रुत लयीत ते कानाला लागतं, आमचे बुवा म्हणाले "टाळ ओढतोय कोण?" आणि टाळवाल्या काकांचा त्यात काडीचा दोष नव्हता.

उपाय रीपरच्या Preferences मध्ये Recording च्या पानावर आहे. Use audio driver reported latency वर टिक असू द्या आणि Input manual offset मध्ये ५८० टाका, म्हणजे तुमचा जो आकडा येईल तो, माझा नको. परत तीच टकटक रेकॉर्ड करून बघा, अंतर शून्याच्या आसपास यायला पाहिजे, उलट दुप्पट झालं तर आकड्याचं अधिक-वजा चिन्ह उलटं करा. ASIO4ALL च्या पॅनलवर Latency Compensation चे दोन स्लायडर आहेत, त्यांनीही हेच होतं पण दोन्हीकडं भरलं तर हिशोब दोनदा होतो, एकच जागा धरा. आणि बफर बदलला किंवा साउंड ड्रायव्हर अपडेट झाला की पुन्हा मोजायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझं मत, पटलं तर बघा. पेटी, पखवाज, गळा, यात आपला आवाज आपल्याला थेट ऐकू येतोच, तो लॅपटॉपमधून फिरवून कानात घ्यायची गरजच नाही. मॉनिटरिंग बंद ठेवा आणि बफर बिनधास्त ५१२ करा, कारण ऑफसेट बरोबर असला की बफर मोठा की छोटा याने ट्रॅकला काही फरक पडत नाही. छोटा बफर लागतो तो मिडी कीबोर्डवर लॅपटॉपमधला पियानो वाजवायचा असेल तेव्हा किंवा गिटार लॅपटॉपमधल्या अ‍ॅम्पमधून ऐकायची असेल तेव्हा. भाचा कीबोर्ड घेऊन येतो तेव्हा मी १२८ वर नेतो, आणि तिथं मात्र कडकड सुरू होते.

ती कडकड बहुतेक वेळा साउंडकार्डची नसते. LatencyMon नावाचा फुकट प्रोग्राम थोडा वेळ चालू ठेवला की कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय ते दिसतं, माझ्याकडं वर ndis.sys आलं, म्हणजे नेटवर्कचं खातं. वायफाय बंद केला, १२८ ला शांत. ६४ ला वायफाय बंद करूनही कडकडतो, तो नाद सोडला.

दुसरी भानगड चार्जरची. चार्जर लावला की माइकमध्ये बारीक घूं येतं, काढला की जातं. पण चार्जर काढला की विंडोज बॅटरी वाचवायला प्रोसेसर हळू करतं आणि लगेच कडकड. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की हे आपोआपच होतं म्हणा. सेटिंगमध्ये बॅटरीवरचा पॉवर मोडही Best performance करून ठेवला आणि आता रेकॉर्डिंग बॅटरीवरच करतो, पूर्ण चार्ज करून बसायचं.

जे होत नाही ते पण सांगतो. माइकचा खरखराट हा ड्रायव्हर कमी करत नाही, तो आतल्या प्रीअ‍ॅम्पचा आहे, मी माइक बूस्ट शून्यावर आणतो आणि माइक पेटीच्या जवळ नेतो. यूएसबी माइक इनपुटला आणि लॅपटॉपचा हेडफोन आउटपुटला असं जोडता येतं, पण दोघांची घड्याळं वेगळी, थोड्या वेळाने मधूनच टिक टिक येते, लांब अभंगाला ते नकोच. आणि जॅकवरचं माइक इनपुट मोनो, त्यामुळं पखवाजाच्या दोन पुड्यांना दोन माइक लावायचे असतील तर इंटरफेस घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.