मशीनला बेल्टच नाही, तरी बिलात बेल्टचे 950 रुपये

गूगलवर 'वॉशिंग मशीन सर्व्हिस सेंटर' शोधून आलेला नंबर, टोल फ्री वाटणारा, तिकडून गोड आवाजात "मॅडम, कंपनीचाच इंजिनिअर येईल", आणि तासाभरात दारात बॅग घेतलेला माणूस. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी आई एकटी होती आणि तिच्याकडून 7,750 रुपये नेले. व्हिजिट 350, डोअर लॉक 1,450, ड्रेन पंप 2,200, ड्राइव्ह बेल्ट 950, पीसीबी रिपेअर 2,800. बिलावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, पैसे यूपीआयने एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर.

आईला कोणी बोल लावू नये. ड्रम पाण्याने भरलेला, आत भिजलेले कपडे, दार उघडत नाही, स्क्रीनवर कोड. अशा वेळी कोणीही आधी फोनच करेल. राग येतो तो त्या माणसाच्या एका वाक्याचा. ड्रममध्ये पाणी उभं असताना तो म्हणाला, "डोअर लॉक गेलाय, म्हणून दार उघडत नाही आणि मोटर फिरत नाही." खोटेपणा तिथेच उघडा पडला होता.

फ्रंट लोड मशीन आधी दार लॉक करतं, मगच पाणी घेतं. लॉक बसलाच नाही तर मशीन पाणी भरणार नाही, सुरूच होणार नाही. आमच्या मशीनने पाणी भरलं, कपडे धुतले आणि मग अडकलं. म्हणजे लॉक चालू होता. जी मोटर धुताना ड्रम फिरवते तीच स्पिन करते, म्हणजे मोटरही ठीक होती. पाणी ठरावीक पातळीखाली गेल्याशिवाय मशीन स्पिन सुरू करत नाही, आणि बहुतेक मशीन दारही सोडत नाहीत. स्पिन नाही आणि दार उघडत नाही, या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच कारण होतं: पाणी बाहेर पडत नव्हतं. कोड कुठे OE, कुठे 5C, कुठे E18 असतो, अर्थ एकच. अशा वेळी पहिला हात पंप फिल्टरला लागायला हवा. जो माणूस ड्रममधलं पाणी न काढता मागचं पॅनल उघडायला लागतो, त्याला तिथेच थांबवा.

फिल्टर उघडायला कोणी लागत नाही. प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा, भाजतं. मशीनच्या पुढे खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे गोल फिल्टर आणि बहुतेकदा शेजारी एक बारीक नळी. नळीचं बूच काढून पाणी उथळ परातीत सोडा. दहा-बारा लिटर सहज निघतं, त्यामुळे परात परत परत ओतावी लागते. नळी नसेल तर फिल्टर पाव फेराच सैल करा आणि पाणी हळूहळू येऊ द्या. एकदम काढला तर सगळी फरशी भिजते. धार थांबली की फिल्टर पूर्ण बाहेर काढा आणि टॉर्च लावून आत बघा. मागे पंपाची छोटी पंखी दिसते. ती बोटाने किंवा काडीने फिरवा. ती अडकत-अडकत, झटक्याने फिरते. पंपाच्या मोटरमध्ये चुंबक असतो म्हणून असं होतं, तो बिघाड नाही. "बघा, पंप जाम आहे" म्हणून हाच झटका दाखवला जातो! अजिबातच हलली नाही किंवा सैल गरगर फिरली तर मात्र पंप बघावा लागतो.

आमच्या फिल्टरमध्ये दोन रुपयांचं नाणं, एक हेअरपिन आणि लगदा झालेला कापसाचा गोळा होता. त्या माणसाने आईला "गरम पाणी आणा" म्हणून स्वयंपाकघरात पाठवलं, तेवढ्यात गोळा थोडा खेचून पाणी वाहतं केलं असणार. नाणं आणि पिन आतच राहिले, म्हणून थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा तुंबलं आणि मशीन घरीच उघडलं. 'नवा' पंप जुनाच निघाला, त्याच्या अंगावर क्षारांचा पांढरा थर आणि स्क्रूंच्या खाचांत वाळलेला साबण. डोअर लॉक बदलायचा तर दाराच्या रबराभोवतीची तारेची रिंग काढून रबर सोलावं लागतं, मगच लॉकच्या स्क्रूंना हात पोचतो. त्या रिंगच्या घडीत साबणाची काळी रेघ सलग होती, कुठेही तुटलेली नाही. आणि बेल्ट? हे मशीन डायरेक्ट ड्राइव्ह आहे. मोटर थेट ड्रमच्या मागे बसते. या मशीनला बेल्टच नसतो.

ज्यांच्या मशीनला बेल्ट आहे त्यांच्यासाठी. बेल्ट तुटला किंवा निसटला तर कपडे धुतानाही ड्रम फिरत नाही, फक्त मोटरची घरघर येते, आणि रिकामा ड्रम हाताने फारच हलका फिरतो. धुताना ड्रम नीट फिरला असेल तर बेल्ट तुटलेला नाही. बदलायचाच असेल तर जुन्या बेल्टवर छापलेला नंबर, उदाहरणार्थ 1192 J5, नव्याशी जुळवा. पहिला आकडा मिलिमीटरमधली लांबी, J नंतरचा आकडा बेल्टवरच्या उभ्या रेघांचा. ब्रश असलेल्या मोटरमध्ये कार्बन झिजले तर मशीन जेमतेम धुतं पण स्पिनला दम लागतो, हा अपवाद लक्षात ठेवा. एकटी जाड चादर टाकली तर तोल जमत नाही म्हणूनही स्पिन होत नाही, त्यात काहीच बिघडलेलं नसतं.

फिल्टर घट्ट बसवा, कपडे काढून ड्रममध्ये थोडं पाणी ओता, मशीन ड्रेनवर लावा आणि कान द्या. पंप गुणगुणतो पण पाणी जात नाही, तर पाणी बाहेर सोडणारी नळी मुडपलेली किंवा तुंबलेली. काहीच आवाज नाही, तर पंपाची कॉइल किंवा त्याला येणारी वीज. कॉइल मीटरवर साधारण दीडशे ते दोनशे ओहम दाखवते. हे प्लग काढूनच मोजायचं आणि मीटर वापरता येत असेल तरच.

आता तक्रारीचं. कंपनी म्हणाली, तो आमचा माणूसच नाही. ते खरं असेल, पण तुमच्याच नावाने नंबर फिरतोय त्याचं काय? त्यावर "वेबसाइटवरचाच नंबर वापरा". ग्राहक हेल्पलाइनवर सेवा देणाऱ्याचं नाव-पत्ता हवा म्हणे. अहो, पत्ता असता तर आम्हीच गेलो नसतो का? पोलीस ठाण्यात "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, हा दिवाणी वाद" असं ऐकवलं. न बदललेल्या पार्टचे पैसे खोटं सांगून घेणं हा दिवाणी वाद कसा? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे. सायबरच्या खिडकीवर सांगितलं की माणूस घरी आला होता, मग हे ऑनलाइन नाही. ठाण्यात परत गेलो तर म्हणे, नंबर ऑनलाइन मिळाला ना, मग सायबरकडे जा. ज्या खात्यावर पैसे गेले ते बँकेत केवायसी झालेलं खातं आहे, माणूस शोधायला अजून काय लागतं?

म्हणून नंबर मशीनच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डवरूनच घ्या. काढलेला जुना पार्ट घरातच ठेवून घ्या, "कंपनीत जमा करावा लागतो" हे ऐकू नका. नव्याचा खोका आणि पार्ट नंबर यांचा फोटो काढा. आलेला माणूस काम करत असताना मशीनपासून हलू नका, गरम पाणी त्याने स्वतः आणावं.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. आमच्या तक्रारीसोबत बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, क्षार चढलेल्या पंपाचे आणि रिंगवरच्या काळ्या रेघेचे फोटो, आणि मशीन डायरेक्ट ड्राइव्ह असल्याचं मॅन्युअलचं पान जोडलं आहे.