स्क्रीनशॉटला चौकट आणि सावली: ImageMagick सात महिने वापरल्यानंतर

मी पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना मोबाइल अ‍ॅप शिकवते. एका सत्राला तीस-चाळीस स्क्रीनशॉट लागतात. अ‍ॅपचा पडदा पांढरा आणि स्लाइडही पांढरी, त्यामुळे स्क्रीनशॉट कुठे संपतो तेच मागच्या बाकावरून कळत नाही. "मॅडम, हे बटण फोनमध्ये आहे का तुम्ही बाजूला काढलंय?" हे दोनदा ऐकल्यावर चौकटीच्या मागे लागले. ImageMagick हा कमांड देऊन चालवायचा प्रोग्राम फुकट आहे आणि एका फटक्यात सगळ्या चित्रांवर काम करतं, म्हणून तेच धरलं.

सुरुवात फोनच्या फ्रेमने केली. मधे पारदर्शक खिडकी असलेलं फोनचं चित्र घ्यायचं आणि स्क्रीनशॉट त्याच्या खाली सरकवायचा. दिसायला झकास. पण स्क्रीनशॉट चौकोनी आणि खिडकीचे कोपरे गोल, त्यामुळे वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ नि बॅटरी अर्धी कापली जायची. शिवाय फ्रेमने जागा खाल्ली की आतली अक्षरं तेवढीच बारीक होतात, आणि ही माणसं अक्षरं वाचायलाच बसलेली असतात. आता फ्रेम फक्त पहिल्या स्लाइडवर, म्हणजे हे फोनवरचं आहे एवढं कळतं. बाकी सगळीकडे राखाडी रेघ आणि मऊ सावली.

रेघेने मात्र मला बराच काळ चकवलं. मी सरसकट २ पिक्सेलची रेघ देत होते. लॅपटॉपच्या स्क्रीनशॉटला ती छान दिसायची, फोनच्या स्क्रीनशॉटला जवळपास गायब. एकदा कागदावर हिशेब मांडला. माझ्या फोनचा स्क्रीनशॉट १०८०×२४०० पिक्सेलचा. स्लाइड ७.५ इंच उंच, त्यावर मी तो ६ इंच उंचीचा ठेवते. पडदा १०८० पिक्सेल उंच असेल तर ६ इंचाला ८६४ पिक्सेल येतात. म्हणजे २४०० चे झाले ८६४ आणि माझी २ पिक्सेलची रेघ राहिली ०.७२ पिक्सेलची. एक पिक्सेलही पुरता नाही, मग ती फिकट आणि तुटक दिसणारच. लॅपटॉपचा १९२० पिक्सेलचा स्क्रीनशॉट १० इंच रुंद ठेवला की त्याच रेघेला दीड पिक्सेल मिळतात. तेव्हापासून आधी चित्र शेवटच्या मापाला आणते आणि मग रेघ मारते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे असं:

```
magick in.png -resize x864 -bordercolor "#b8b8b8" -border 2 ( +clone -background black -shadow 35x10+0+0 ) +swap -background none -layers merge +repage out.png
```

लिनक्सवर कंसांच्या आधी `\` द्यावा लागतो. जुन्या लेखांत `magick` ऐवजी `convert` असतं; विंडोजवर त्या नावाचा डिस्कचा वेगळाच प्रोग्राम आहे, त्यामुळे तिथे तो लिहू नका. आणि बाहेर पडणारी फाइल PNG च ठेवा. JPEG मध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे सावलीच्या जागचा मळकट पट्टा रंगीत स्लाइडवर उठून दिसतो.

`35x10` मधला ३५ म्हणजे सावलीचा गडदपणा टक्क्यांत आणि १० म्हणजे तिचा मऊपणा. या मऊपणाच्या दुप्पट, म्हणजे इथे २० पिक्सेल, चारही बाजूंनी रिकामी जागा वाढते. डोळ्याला ती दिसत नाही, पण पॉवरपॉइंट ती चित्रातच धरतो. आधी मी मऊपणा २० ठेवून सावली १२ पिक्सेल खाली सरकवायचे. मग सावलीवालं आणि बिनसावलीचं चित्र शेजारी ठेवून वरची कड जुळवली, तर सावलीवालं खाली लोंबलेलं. अर्धा तास मी पॉवरपॉइंटलाच शिव्या घालत होते. आता शेवटी `+0+0` ठेवते, त्यामुळे रिकामी जागा सगळीकडे सारखी पडते आणि मध्य जुळवला की चित्रंही जुळतात. वरच्या कमांडमधून चित्र ९०८ पिक्सेल उंच निघतं. पॉवरपॉइंटमध्ये उंचीच्या रकान्यात ६.३ इंच घातलं की माप बसतं.

त्रास दोन राहिलेत. ४K टीव्हीवर ८६४ पिक्सेलचं चित्र पुसट वाटतं. तिथे `-resize x864` काढून टाकते आणि रेघ ६ पिक्सेलची करते. दुसरं म्हणजे पक्की मारलेली रेघ कापता येत नाही. सत्राच्या आदल्या रात्री वरची पट्टी कापली की वरची रेघही गेली, तीन बाजूंचीच चौकट उरली. म्हणून कापाकापी आधी, कमांड नंतर.

स्क्रीनशॉट चार-पाचच असतील तर मी स्वतःसुद्धा हे उघडत नाही. पॉवरपॉइंटमधली ०.७५ पॉइंटची बॉर्डर चित्र लहानमोठं केलं तरी तेवढीच राहते, कापलं तरी चारही बाजूंनी राहते. मात्र हीच चित्रं पुस्तिकेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही जायची असतील तर ती बॉर्डर चित्राच्या मूळ फाइलमध्ये नसते. माझी जातात, म्हणून ती कमांड अजून डेस्कटॉपवरच्या नोटपॅडमध्ये पडून आहे.