डाव्या कानासाठी हाडामार्फत ऐकवणारं मशीन : नऊ महिने वापरल्यावर

आधी पट्ट्याबद्दल लिहिते, कारण पट्ट्यामुळे माझे बेचाळीस हजार जाता जाता वाचले.

माझं मशीन सॉफ्टबँडवर बसवायचं आहे. डोक्याभोवती इलॅस्टिकचा पट्टा, त्यावर प्लॅस्टिकची चकती आणि चकतीवर टिचकन बसणारा प्रोसेसर. चकती डाव्या कानामागच्या हाडावर टेकते, प्रोसेसर थरथरतो, ती थरथर कवटीतून पलीकडे उजव्या आतल्या कानापर्यंत जाते आणि ऐकू येतं. डावा कान २०१९ पासून पूर्ण गेलेला आहे, उजवा अगदी व्यवस्थित आहे. मी साताऱ्यात शाळेत शिकवते. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी हे घेतलं.

जानेवारीत मशीनचा आवाज बारीक झाला. आधी स, श, फ गेले. "शाई" आणि "आई" सारखेच ऐकू यायला लागले. मग मान वळवली की शिट्टी वाजायची. बॅटरी नवी घातली. १३ नंबरची, केशरी स्टिकरची. स्टिकर काढल्यावर आत हवा शिरायला मिनिटभर थांबून मगच घातली. काही फरक नाही. रजा टाकून पुण्याला सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने प्रोसेसर आत नेला, वीस मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, आतला थरथरणारा भाग गेलाय. बाहेर पाठवावा लागेल, सहा आठवडे, ४२,५०० रुपये." तपासणीचे १,१८० रुपये तिथेच घेतले. पट्टा त्याने हातातसुद्धा घेतला नाही. मी दोनदा विचारलं, "पट्टा बघता का?" तर म्हणाला, पट्ट्याचा आवाजाशी संबंध नाही.

संबंध आहे, आणि मोठा आहे. स्क्रू बसवलेल्यांचं वेगळं असतं. त्यांच्या हाडात टायटॅनियमचा तीन-चार मिलिमीटरचा स्क्रू जाऊन बसतो आणि थरथर थेट हाडात उतरते. (ही पद्धत १९७७ पासून आहे, स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला सुरू झाली.) पट्टेवाल्यांच्या मशीन आणि हाड यांच्या मध्ये कातडी असते, केस असतात. एवढ्यानेच उंच पट्टीतले आवाज कमी होतात. त्यात चकती सैल टेकली तर थरथर हाडात जायच्या आधीच निम्मी वाया जाते, उरलेली हवेत निघून माइकमध्ये परत शिरते आणि शिट्टी वाजते. माझी दोन्ही लक्षणं तीच होती.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या माझ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे गेले. त्यांच्याकडे टेस्ट रॉड असतो, म्हणजे एक साधी प्लॅस्टिकची दांडी. तिच्यावर प्रोसेसर टिचकन बसवायचा आणि दांडीचं टोक कानामागच्या हाडावर हाताने घट्ट टेकवायचं. त्यांनी टेकवलं आणि माझ्या डावीकडून हळू आवाजात म्हणाल्या, "शशीने फणस फोडला." शब्द न् शब्द ऐकू आला. म्हणजे प्रोसेसर धडधाकट. मग त्यांनी पट्टा बघितला. घेतला तेव्हा त्याची कडी जिथे लावली होती तिथे मी बॉलपेनने खूण केली होती. आता पट्टा घट्ट बसवायचा तर कडी त्या खुणेपासून तीन सेंटिमीटर आत घ्यावी लागत होती. पट्टा आणि डोकं यांच्या मध्ये एक बोट कसंबसं जायला हवं, माझी दोन सहज जात होती. सात महिन्यांचा घाम आणि रोजचं खोबरेल यांनी इलॅस्टिक मारलं होतं.

मोती चौकात त्याच रुंदीचं चांगलं विणीचं इलॅस्टिक चाळीस रुपयांत मिळालं. ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडून चकतीच्या दोन्ही बाजूंना दुहेरी टीप मारून घेतली. घरी येऊन लावलं, "शाई" परत आली. ज्यांचं मशीन पट्ट्यावर आहे त्यांनी सर्व्हिस सेंटरची पायरी चढण्याआधी हे करून बघा : आवाज कमी वाटला की पट्टा बोटाने डोक्यावर दाबा. चकतीच्या बाजूला दाबा, माइकवर बोट ठेवू नका. आवाज एकदम उघडला तर दोष पट्ट्यात आहे.

आता मशीनविषयी. यावर माझं मत दोनदा बदललं.

मी हे घेतलं दिशेसाठी. एक कान गेला की ऐकू कमी येतं हे लोकांना समजतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही हे पटवून देता देता जीव जातो. वर्गात कुणी "बाई" म्हटलं की मला साठ चेहऱ्यांवरून नजर फिरवावी लागते. मोबाइल वाजला की घरभर हिंडते. रस्ता ओलांडताना हॉर्न कुठल्याही बाजूने आला तरी उजवीकडूनच आला असं वाटतं, आणि माणूस उजवीकडे बघत डावीकडच्या गाडीपुढे जातो.

मशीन लावल्यावर पहिल्याच दिवशी डाव्या बाकांवरची कुजबूज ऐकू आली आणि मला रडू आलं. वाटलं, दिशाही येणार. आठ दिवसांत शंका यायला लागली, म्हणून घरी चाचणी केली. खोलीच्या मध्ये खुर्ची, डोळ्यांवर ओढणी, भोवती खडूने आठ जागा. मुलगी चिठ्ठी उचलून त्या जागी जायची आणि चमच्याने वाटी वाजवायची. कधी जोरात, कधी हळू, मुद्दाम. जोर सारखा ठेवला असता तर मी नुसत्या मोठ्या-बारीक आवाजावरून बाजू ओळखली असती आणि स्वतःची फसवणूक केली असती. प्रत्येक जागी तीनदा, एकूण चोवीस वेळा. मशीनशिवाय ६ बरोबर. मशीन लावून ५. मिस्टरांना बसवलं, त्यांचे २३. माझ्या कितीतरी चुका एकाच जातीच्या होत्या : वाटी डावीकडे, माझं बोट उजवीकडे.

तेव्हा मला हे मशीन म्हणजे फसवणूक वाटली. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी कागदावर डोकं काढून समजावलं. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात किंचित उशिरा. अगदी बाजूने आला तरी हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. शिवाय मध्ये डोकं येतं, त्याची सावली पडून पलीकडच्या कानात उंच आवाज क्षीण होतात. मेंदू दोन कानांतला हा फरक मोजतो आणि दिशा सांगतो. माझं मशीन डावीकडचा आवाज उचलून उजव्याच आतल्या कानात नेऊन टाकतं. ऐकणारा कान एकच, मग मेंदू फरक कशाकशात काढणार? मी विचारलं, सवयीने येईल का? त्या म्हणाल्या, या कामासाठी हे मशीन नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत मी वाटीची चाचणी परत केली. मशीन लावून ७.

पण त्याच सुट्टीत दुसरी चाचणीही केली, आणि तिने मत पुन्हा फिरवलं. उजवीकडे मिक्सर सुरू, डावीकडून मुलगी हळू आवाजात वीस शब्द वाचतेय. मशीनशिवाय मला ९ कळले, मशीन लावून १६. हा फरक मी रोज जगतेय. स्टाफरूममध्ये डाव्या खुर्चीवर कुणी बसलं की पूर्वी मी हसून मान हलवायचे, आता उत्तर देते.

मग बाजू उलट्या केल्या. डावीकडे मिक्सर, उजवीकडून शब्द. मशीनशिवाय १८, मशीन लावून १२. हे नीट लक्षात घ्या, कारण विकताना मला कुणी सांगितलं नाही. तुमचं डोकं जो गोंगाट भिंतीसारखा फुकटात अडवत होतं, त्याला मशीन ती भिंत ओलांडून देतं आणि सगळा गोंगाट चांगल्या कानात ओततं. एस.टी.त मी डावा कान खिडकीकडे करून बसते आणि मशीन बंद करते. वर्गात चालू ठेवते. मॅडमनी जाड आवाजांची पातळीही उतरवून दिली आहे. जाड आवाज डोक्याला वळसा घालून तसेही उजव्या कानात येतात, मशीनने ते परत आणायची गरज नसते. तुमच्या मशीनमध्ये ते केलं नसेल तर करून घ्या. डोकं भणभणणं मला त्या दिवसापासून निम्म्यावर आलं.

क्रॉस नावाचा दुसरा प्रकार आहे : मेलेल्या कानावर माइक, चांगल्या कानात ऐकवणारा तुकडा. मी घेतला नाही, कारण उरलेल्या एका कानात मला काहीही घालायचं नव्हतं. दिशा तोही देत नाही, कारण तेच. दिशा थोडीफार परत आणू शकेल असा उपाय म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. तो डाव्या बाजूलाच पुन्हा ऐकता करतो. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. त्याला नस जिवंत लागते, खर्च लाखांत जातो आणि कान जाऊन जितकी वर्षं होतात तितका फायदा कमी होत जातो. माझी सहा झाली आहेत. मुलीची फी भरेपर्यंत तो विषय मी बाजूला ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. माझा कान सकाळी उठले तेव्हा गेलेला होता. सर्दीने बसला असेल म्हणून मी बारा दिवस वाफ घेतली. एका कानाचं ऐकू येणं असं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओग्राम मागा. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर पहिल्या दिवसांत होतो, दोन आठवडे उलटले की फार थोडा.

सध्याची स्थिती : नवं इलॅस्टिक दोन महिन्यांत खुणेपासून अर्धा सेंटिमीटर सरकलं आहे. आता तेल रात्री लावते, सकाळी केस धुऊनच पट्टा घालते आणि दर रविवारी तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवते. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात "आधी हात, मग बाई" ही पाटी सहा वर्षांपासून आहे, ती तशीच ठेवली आहे. मी उभी राहते तीही पूर्वीसारखीच, डावा खांदा भिंतीला लावून. सर्व्हिस सेंटरला १,१८० रुपये परत मागणारी दोन पत्रं गेली, उत्तर नाही. तिसरं सोमवारी रजिस्टर्ड टपालाने टाकलं, सोबत टेस्ट रॉडच्या तपासणीचा मॅडमच्या सहीचा कागद जोडला आहे.