राउटर बाजूला, लॅपटॉप थेट ओएनयूला: बरेच महिने वापरून झाल्यावर

फायबर गेल्या पावसाळ्याआधी घेतलं, ओएनयू, म्हणजे फायबर घरात येऊन जिथे लागते तो डबा, लोकल ऑपरेटरचा आणि राउटर माझा. स्पीडबद्दल तक्रार नाही, पण नेट गेलं की ऑपरेटर म्हणणार राउटर बघा आणि राउटरवाले म्हणणार लाइन चेक करून घ्या. हा टोलवाटोलवीचा खेळ बंद झाला तो या टेस्टमुळे.

ओएनयूकडून राउटरच्या वॅन पोर्टमध्ये येणारी वायर काढायची आणि तीच लॅपटॉपला लावायची. तीच, दुसरी नाही, कारण नवीन वायर लावून नेट सुधारलं तर दोष राउटरचा होता की जुन्या वायरचा हे कळणारच नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. ओएनयू ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे लॉगिन तो स्वतः न करता राउटर करत असेल, तर नुसती वायर लावून नेट येत नाही, विंडोजमध्ये पीपीपीओई कनेक्शन बनवून ऑपरेटरने दिलेला युजरनेम पासवर्ड टाकावा लागतो. एरर 691 आला तर आधी पासवर्ड नीट बघा, तो बरोबर असेल तर बहुतेक राउटरचं जुनं सेशन अजून अडकलेलं असतं, थोडं थांबून परत डायल करा. काही ऑपरेटर राउटरचा मॅक लॉक करतात, मग त्यांना फोन करून तो मोकळा करून घ्यावा लागतो, इलाज नाही.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालू ठेवायचं:

```
ping -t 8.8.8.8
```

पाच मिनिटं नाही हं, ज्या वेळेला त्रास होतो ती अख्खी वेळ.

माझं नेट रोज संध्याकाळी तुटायचं. राउटरच्या लॅन पोर्टला वायरने लॅपटॉप लावला तरी Request timed out, म्हणजे वायफायचा संबंध नव्हता. थेट ओएनयूला लावून सातपासून रात्रीपर्यंत पिंग चालवलं तर एकही तुटलं नाही. राउटरच्या पेजवर अपटाइम बघितला तर कायम काही मिनिटांचाच, म्हणजे तो गुपचूप रीस्टार्ट होत होता. 12 व्होल्टचा तेवढ्याच अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावला आणि प्रश्न मिटला, राउटर तोच आजही चालूय.

नंतर भर पावसात परत नेट तुटायला लागलं आणि यावेळी थेट वायरवरही पिंग तुटत होतं, म्हणजे राउटर सुटला. पण इथे टेस्टची मर्यादा येते, कारण दोष त्या वायरचा, ओएनयूचा, घरापर्यंतच्या फायबरचा की ऑपरेटरच्या पुढच्या नेटवर्कचा हे ती सांगत नाही. म्हणून ओएनयूच्या पेजवर Rx Power, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या सिग्नलची ताकद बघितली, उणे 29 डीबीएम! साधारण उणे 27 च्या खाली सिग्नल गेला की बहुतेक ओएनयू डगमगतात. ऑपरेटरला पिंगचा आणि या आकड्याचा फोटो पाठवला, तर यावेळी राउटरचं नाव न काढता माणूस आला, गच्चीवरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं, त्याने तो कापून नवीन केला आणि आकडा उणे 21 वर आला.

लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी अडॅप्टर चालतो, फक्त 100 एमबीपीएसवाला घेऊन स्पीड टेस्ट करू नका, 300 चा प्लॅन असला तरी नव्वदच्या आसपासच अडकेल आणि उगाच ऑपरेटरशी भांडण होईल.