टॅग स्निप निवडताना: ब्लॉक पाहावेत की जोडीजोडीचा r²?

एखाद्या जनुकासाठी छोटं पॅनेल ठरवताना टॅग स्निप निवडायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे D' वरून हॅप्लोटाइप ब्लॉक पाडायचे आणि ब्लॉकमधले मुख्य हॅप्लोटाइप ओळखता येतील तेवढेच स्निप घ्यायचे. दुसऱ्या रस्त्यावर ब्लॉक लागतच नाहीत. प्रत्येक जोडीचा r² काढायचा आणि सर्वाधिक शेजाऱ्यांशी ०.८ च्या वर जुळणारा स्निप आधी उचलायचा. मी दोन्ही वापरलेत.

पाया एकच आहे. नवं म्युटेशन कुणा एका पूर्वजाच्या एका गुणसूत्रावर होतं आणि त्याच्या शेजारचे अलील त्याच्यासोबत पुढच्या पिढ्यांत उतरतात. रिकॉम्बिनेशन बहुतेक हॉटस्पॉटवरच एकवटतं, त्यामुळे मधले पट्टे बरेचसे अखंड राहतात. म्हणून एक स्निप वाचला की न वाचलेल्या शेजाऱ्याचा अंदाज बांधता येतो. फरक पडतो तो हा अंदाज कितपत खरा हे मोजण्यात.

ब्लॉक डोळ्यांना पटतात. हॅप्लोव्ह्यूमधले लाल त्रिकोण पाहिले की तो भाग कसा वारशाने आला हे चटकन कळतं. माझं बिनसलं ते ब्लॉकच्या कडांपाशी. पहिल्या खेपेच्या नमुन्यांवर आम्ही गॅब्रिएल पद्धतीने ब्लॉक पाडले, टॅग ठरवले, प्रायमर मागवले. दुसरी खेप मिळवून तेच पुन्हा चालवलं, तर एका ब्लॉकचे दोन झाले आणि टॅगची यादी बदलली. सॉफ्टवेअरचं काही चुकलं नव्हतं. ही २००२ ची व्याख्या D' च्या विश्वास-अंतरालावर उभी आहे. नमुने थोडे असले की तो अंतराल रुंद असतो, आणि नमुने वाढले की कड सरकते.

पण खरी अडचण D' मध्येच आहे. APOE घ्या. rs429358 आणि rs7412 यांच्यात जेमतेम १३८ बेसचं अंतर आहे. या दोघांवरून ε2, ε3 आणि ε4 ठरतात. चौथी जोडणी जवळपास आढळतच नाही. चारपैकी एक हॅप्लोटाइप गायब, म्हणून D' येतो १. आता समजा ε4 चं प्रमाण ०.१५ आणि ε2 चं ०.०७ आहे:

```
D  = 0 - 0.15 × 0.07 = -0.0105
r² = D² / (0.15 × 0.85 × 0.07 × 0.93) ≈ 0.013
```

D' पाहून दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये बसतात, पण एकावरून दुसऱ्याचं जवळजवळ काहीच कळत नाही. D' सांगतो की मध्ये रिकॉम्बिनेशन झाल्याची खूण नाही. बदली चालेल का, हे r² सांगतो, कारण तो मोठा यायला दोन्ही अलीलांचं प्रमाणही जुळावं लागतं. शिवाय r² चा हिशेब थेट खिशाशी लागतो: मूळ स्निपला १००० नमुने पुरत असतील, तर ०.८ च्या टॅगला सुमारे १२५० लागतात आणि ०.५ च्या टॅगला २०००.

याच भागात बदली किती चालते, हेही दिसलं आहे. जेम्स वॉटसन यांनी आपला जीनोम जाहीर करताना APOE ची माहिती झाकायला सांगितली होती. शेजारच्या स्निपांवरून ती ओळखता येईल हे २००९ मध्ये दाखवून देण्यात आलं, आणि त्याआधीच भोवतालचा मोठा पट्टाही काढून टाकावा लागला.

पीलिंकमध्ये मी हल्ली एवढंच चालवतो:

```
plink --bfile data --show-tags all --tag-r2 0.8 --tag-kb 250
```

`.tags.list` मध्ये ज्याचा `NTAG` सर्वांत मोठा तो स्निप घ्यायचा, त्याने झाकलेले बाजूला काढायचे आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करायचं. नमुने वाढले की ही यादीही थोडी हलते, पण एका जोडीचा आकडा सरकला म्हणून अख्खा पट्टा कोसळत नाही.

ब्लॉक टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. दोन-तीन स्निप मिळून एक हॅप्लोटाइप ओळखायचा असेल, तर निव्वळ जोड्या पाहणं तोकडं पडतं. APOE मध्ये तर दोन्ही स्निप वाचावेच लागतात. दुर्मिळ अलीलांपुढे दोन्ही पद्धती थकतात, कारण सामान्य टॅगशी त्यांचा r² वर चढूच शकत नाही.

संदर्भाचं पॅनेल मात्र दोन्हीकडे जपून निवडा. १००० जीनोम्समध्ये दक्षिण आशियाचे गट म्हणजे ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी गट त्यात नाही. त्यामुळे मी r² या पाचही गटांत वेगवेगळा काढतो आणि एखाद्याच गटात ०.८ ओलांडणारा टॅग सोडून देतो. त्यापायी पॅनेलमध्ये चार स्निप जास्त गेले तरी ते मला स्वस्त वाटतात.