रिफंड कबूल केला, पण दिला नाही: सभ्य पण ठाम बोलायचं, की थेट इशारा द्यायचा?

सांगलीतल्या एका ओळखीच्या कुटुंबानं मुलीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय ठरवलं आणि ४५,००० रुपये अॅडव्हान्स भरला. तारीख होती १२ मे. दुरुस्तीचं काम रेंगाळलं म्हणून मार्चमध्ये कार्यालयवाल्यांनीच ती रद्द केली आणि "पंधरा दिवसांत सगळे पैसे परत करतो" असं फोनवर सांगितलं. एप्रिल अर्धा सरला तरी पैसे आले नाहीत. फोन केला की उत्तर ठरलेलं, "देतो की अण्णा, कुठं पळून चाललोय?"

घरात दोन मतं पडली. मुलीच्या आईचं म्हणणं, माणूस ओळखीतला आहे, गोडीनं घेऊ. भावाचं म्हणणं, वकिलाची नोटीस गेल्याशिवाय हा हलणार नाही. बहुतेक घरांत वाद याच वळणावर येतो आणि निर्णय होतो तो त्या दिवशी कोण जास्त चिडलंय त्यावर. मी मात्र आधी एकच गोष्ट विचारतो: समोरच्यानं पैसे द्यायचे आहेत हे त्यानं कुठं लिहून दिलंय का?

इथं दिलं नव्हतं. उलट पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, "अॅडव्हान्स कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही." कार्यालयानं स्वतःच तारीख रद्द केली असताना ही ओळ फार टिकणारी नाही. पण अशा वेळी इशाऱ्याचं पत्र गेलं की समोरचा पहिल्यांदा पावतीच काढून बघतो. तोवर "देतो" म्हणणारा माणूस "नियमात बसत नाही" म्हणायला लागतो आणि फोनवरची कबुली हवेत विरते. म्हणून कबुली तोंडी असेल तोवर सभ्य पण ठाम भाषाच चांगली. तिचं काम पैसे मागण्याइतकंच कबुली कागदावर आणण्याचं आहे.

ठाम भाषा म्हणजे "जरा बघा ना साहेब, अडचण आहे" नव्हे. अशा वाक्यात रक्कम नाही, तारीख नाही, उत्तर द्यायची गरजही नाही. त्या कुटुंबानं फोन ठेवल्या ठेवल्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर असा होता:

"नमस्कार साहेब. आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे, १२ मेची तारीख कार्यालयाकडून रद्द झाल्यामुळे अॅडव्हान्सचे ४५,००० रुपये आपण पूर्ण परत करणार आहात. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड खाली देत आहे. २ मेपर्यंत रक्कम जमा होईल ना, तेवढं कळवावं."

यात दोष देणारा एक शब्द नाही. तरी कुणी रद्द केलं, किती पैसे, कधीपर्यंत, हे सगळं आलं. खातं आधीच दिल्यामुळे "तुमचा नंबरच नव्हता" ही सबबही उरली नाही. उत्तर आलं, "हो, २ तारखेला करतो." या चार शब्दांनी पावतीवरच्या ओळीचा जोर बराचसा काढून घेतला. नोटिशीला असं उत्तर सहसा येत नाही, कारण नोटीस वाचून माणूस सावध होतो आणि आधी वकिलाला विचारतो.

गोडीची मर्यादाही इथंच कळते. २ मे गेली. ३ तारखेला त्याच सुरात दुसरा संदेश गेला, उत्तर आलं, "१० ला नक्की." १० मेलाही पैसे आले नाहीत. लेखी दिलेल्या दोन तारखा टळल्या की मी तिसरी मागू नये असंच सांगतो. ज्याच्याकडे पाच जणांचं देणं आहे तो आधी त्यालाच देतो, ज्याच्याकडून त्रास व्हायची शक्यता जास्त. सहावा गोड संदेश पाठवणारा त्याच्या यादीत तळाशी जातो. शिवाय ग्राहक आयोगात तक्रार करायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि "बघू की" म्हणत ती कधी संपते हे कळतही नाही.

आता इशारा. तो व्हॉट्सअॅपवर रागात लिहायचा नाही. कागदावर लिहून स्पीड पोस्टनं पाठवायचा, पोहोच झाल्याचा पुरावा घ्यायचा आणि एक प्रत आपल्याकडे ठेवायची. वकील लागतोच असं नाही. त्यांच्या पत्रातला मुख्य भाग हा:

"२ मे आणि १० मे अशा दोन तारखा आपण लेखी दिल्या, दोन्ही टळल्या. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ४५,००० रुपये जमा न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन आणि मूळ रकमेसह व्याज, नुकसानभरपाई व खर्च मागेन."

या पत्राचा सगळा जोर आधीच्या दोन गोड संदेशांतून आला आहे. ते नसते तर पहिलं वाक्य लिहिताच आलं नसतं. भावाला यात "पोलिसांत देतो", "फेसबुकवर सगळ्यांना सांगतो" हेही घालायचं होतं. ते काढायला लावलं ते बरं झालं. इशारा त्याच गोष्टीचा द्यावा जी करायचा आपल्याला हक्क आहे आणि जी आपण खरंच करणार आहोत. बदनामीची धमकी लेखी गेली की समोरच्याला तक्रारीसाठी आपणच कागद देतो. आणि सोळाव्या दिवशी काहीच केलं नाही तर पुढच्या पत्राला रद्दीचा भाव.

करणं तसं अवघडही नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार स्वतः मांडता येते, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. म्हणजे मुलगी साताऱ्यात राहत असती आणि पावती तिच्या नावावर असती, तर तिला सांगलीला हेलपाटे घालायची गरज नव्हती. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून बघता येते, पण तिथून आदेश मिळत नाही, मध्यस्थी होते.

थेट इशाऱ्यानंच सुरुवात करावी अशा जागाही आहेत. फोन उचलणं बंद झालं, "कसले पैसे?" असा सूर लागला, धंदा दुसऱ्याच्या नावावर करायची हालचाल दिसली, किंवा दोन वर्षांची मुदत जवळ आली, तर गोड संदेशात दिवस घालवू नयेत. उलट कबुली लेखी आहे आणि थोडे थोडे पैसे येतायत, तर सूर चढवू नये. हप्ता घेताना फक्त "२५,००० मिळाले, २०,००० बाकी" एवढं लिहून पाठवावं.

या कुटुंबाला पत्रानंतर नेमके २५,००० खात्यात मिळाले आणि उरलेल्या २०,००० चा चेक. चेक हातात आला की सूर निवडायचा प्रश्नच उरत नाही. तो त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरायचा. पैसे नसल्यानं परत आला, तर बँकेकडून ते कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस मिळतात, आणि त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची असते.